ओळखा बघू, हा खेळ आता पुरे

खोटा व्हिडिओ कसा ओळखावा, याच्या याद्या व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतात. डोळे लवतात का ते बघा, ओठ आणि आवाज जुळतात का ते बघा, हनुवटीच्या कडेला काही थरथरतंय का ते बघा. ठाण्यातले ज्येष्ठ नागरिक संघ, कॉलेजं, सोसायट्यांचे गणपती, सगळीकडे यावर व्याख्यानं होतात. मी पेशाने व्हिडिओ एडिटर. नौपाड्यात बसून लग्न-मुंजींचे व्हिडिओ आणि छोट्या दुकानांच्या जाहिराती कापतो, जोडतो. त्यामुळे अशा व्याख्यानांना मलाही बोलावणं येतं आणि मी जातो. तरीही आज मला असं म्हणायचंय की ही यादी वाचून दाखवणं आता निरुपयोगी झालंय, आणि थोडं अप्रामाणिकही. यादी देणारा न बोलता एक गोष्ट सांगून जातो: फसलात तर तुमचे डोळे कमी पडले. नामवंतांचे चेहरे दुसऱ्याच्या धडावर बसवून जे नुकसान चाललंय, त्याची जबाबदारी इतक्या सहज बघणाऱ्याच्या गळ्यात घालणं मला मान्य नाही.

आधी एक व्हिडिओ नीट उघडून बघू. नोव्हेंबर 2023 मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना हिचा म्हणून एक व्हिडिओ देशभर फिरला. काळ्या घट्ट कपड्यांतली एक तरुणी हसत लिफ्टमध्ये शिरते, काही सेकंदांत व्हिडिओ संपतो. शरीर एका ब्रिटिश-भारतीय तरुणीचं होतं. तिने तो व्हिडिओ आदल्या महिन्यात स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकला होता. चेहरा मात्र रश्मिकाचा. हा बनाव पत्रकारांनी उघड केला, अमिताभ बच्चन यांनी कायदेशीर कारवाईची मागणी केली, दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला. जानेवारी 2024 मध्ये आंध्र प्रदेशातून चोवीस वर्षांच्या एका अभियंत्याला अटक झाली. पोलिसांनी सांगितलेला हेतू ऐकून हसावं की रडावं कळत नाही. तो रश्मिकाचं फॅन पेज चालवायचा आणि त्याला फॉलोअर्स वाढवायचे होते. ते वाढलेही, पंधरा दिवसांत सुमारे 90 हजारांचे 1 लाख 8 हजार झाले.

हा व्हिडिओ एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकून एकेक फ्रेम पुढे सरकवली, की पहिल्याच सेकंदात चोरी सापडते. तरुणी दारातून आत येताना क्षणभर तिचा स्वतःचाच चेहरा दिसतो आणि पुढच्या काही फ्रेममध्ये तो रश्मिकाचा होतो. असं होण्याचं कारण साधं आहे. चेहरा बदलणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये आधी चेहरा शोधतं. दोन डोळे, नाक, ओठांचे कोपरे अशा ठरावीक खुणा सापडल्या, तरच पुढचं काम करतं. चेहरा अर्धवट असेल, दाराआड असेल किंवा फार वळलेला असेल, तर ती फ्रेम तशीच सुटते. बनवणाऱ्याने आळस केला नसता आणि सुरुवातीच्या तेवढ्या फ्रेम कापून टाकल्या असत्या, तर हा पुरावा राहिलाच नसता. हे काम माझ्याकडचा शिकाऊ मुलगाही अर्ध्या मिनिटात करेल.

आता हे बनतं कसं, ते थोडक्यात. 2017 च्या अखेरीस ही कला इंटरनेटवर आली तेव्हा तिला कष्ट होते. दोन्ही माणसांच्या चेहऱ्यांच्या शेकडो-हजारो फ्रेम जमवायच्या आणि कॉम्प्युटरला दिवसचे दिवस शिकवत बसायचं. त्यात दोन्ही चेहऱ्यांसाठी वाचणारा भाग एकच असायचा. डोकं कुठे वळलंय, तोंड किती उघडलंय, उजेड कुठून येतोय, हे तो टिपायचा. पण चेहरा पुन्हा रंगवणारे भाग दोन, एकेका माणसासाठी एकेक. क्ष या माणसाचे हावभाव वाचायचे आणि य या दुसऱ्या माणसाच्या रंगवणाऱ्या भागाकडे द्यायचे, की यचा चेहरा क्षसारखा हसू लागतो. आता तेवढेही कष्ट राहिले नाहीत. 2023 पासून फुकट मिळणाऱ्या साधनांना समोरून काढलेला एक फोटो पुरतो. सामान्य माणसाचा असा फोटो निदान शोधावा तरी लागतो. नट, खेळाडू, मंत्री यांचे हजारो फोटो, सगळ्या कोनांतून, चांगल्या उजेडात, आयते पडलेले असतात. आधी त्यांचेच चेहरे वापरले गेले, याचं एक कारण हेच.

शिवाय सगळं डोकं बदलत नाही, ही गोष्ट लोकांना माहीत नसते. बदलतो तो भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा तुकडा. केस, कान, मान, खांदे, हात मूळ माणसाचेच राहतात. त्या तुकड्याचा रंग आजूबाजूच्या कातडीशी जुळवायचा आणि त्याच्या कडा फेदर करायच्या, म्हणजे हळूहळू विरघळवायच्या, की झालं. म्हणून मी बघतो तेव्हा चेहरा सोडून कान बघतो. कानाच्या पाळीची ठेवण माणसागणिक वेगळी असते आणि नामवंतांचे कान हजारो फोटोंत सापडतात. शिवाय चेहऱ्यासमोरून हात गेला की बोटांच्या कडेला तुकडा फाटतो, आणि मान पूर्ण वळवली की नाकाचा आकार बिघडतो.

पण हे सगळं माझ्या सत्तावीस इंची मॉनिटरवर. फोनवर काय होतं, त्याचा हिशेब बघा. या फुकट साधनांमागचं सर्वांत जास्त वापरलं गेलेलं एक मॉडेल चेहरा बनवतं तो फक्त 128 बाय 128 ठिपक्यांचा. मोठ्या पडद्यासाठी हे अगदीच हलकं, तिथे चेहरा मेणासारखा गुळगुळीत दिसतो. आता उभी रील घ्या, रुंदी 1080 ठिपके. माणूस कमरेपर्यंत दिसतोय आणि चेहऱ्याने रुंदीचा चौथा हिस्सा व्यापलाय, म्हणजे साधारण 270 ठिपके. ती रील डाउनलोड करून कोणीतरी व्हॉट्सॲपवर नेहमीच्या दर्जात पुढे पाठवते आणि व्हिडिओ लहान होतो. रुंदी 480 वर आली, तर चेहरा उरतो 120 ठिपक्यांचा. नकली तुकडा जेवढा तपशील देऊ शकतो, तेवढाच तपशील आता खऱ्या व्हिडिओतही शिल्लक राहतो. खऱ्या-खोट्यातला फरक बनवणाऱ्याने लपवलेला नसतो, तो फॉरवर्ड करण्यातच पुसला जातो. वर आवळून लहान केलेल्या प्रत्येक व्हिडिओला थोडे चौकोनी डाग पडतातच. त्यामुळे "कडेला काहीतरी थरथरतंय" हे खऱ्या व्हिडिओबद्दलही तितकंच खरं असतं.

वसंत विहारच्या बाजूला एका कार्यक्रमात मी हे करून दाखवलं. प्रोजेक्टरवर एक क्लिप लावली, जबड्याची कड दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तीच क्लिप त्यांच्या ग्रुपवर टाकली आणि म्हटलं, आता तुमच्या फोनवर दाखवा. कोणी चष्मा वर केला, कोणी फोन आडवा केला. कोणालाही काही दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पहिल्या रांगेतले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "अरे, तुला दिसत नाही ते आम्हाला बघायला का सांगतोस?" त्यांचा प्रश्न रास्त होता.

प्रश्न वयाचाही नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी-ब्रिटिश अभ्यासात लोकांना खऱ्या माणसांचे आणि संगणकाने बनवलेले चेहरे दाखवून ओळखायला सांगितलं. अचूक उत्तरं आली 48 टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. वर, बनवलेले चेहरे लोकांना खऱ्यांपेक्षा थोडे अधिक विश्वासार्ह वाटले. यंत्रांचंही तेच. फेसबुकने घेतलेल्या खोटे व्हिडिओ ओळखण्याच्या स्पर्धेचा निकाल 2020 मध्ये लागला. ओळखीच्या धाटणीच्या क्लिपांवर सर्वांत सरस ठरलेल्या प्रणालींना 82 टक्क्यांच्या आसपास गुण होते. आधी न बघितलेल्या क्लिपा समोर आल्या, तेव्हा पहिल्या क्रमांकाची प्रणाली 65 वर अडकली. आणि डोळे लवण्याची ती प्रसिद्ध खूण? ती 2018 ची. तेव्हाच्या नकली चेहऱ्यांचे डोळे फारसे लवत नसत, कारण शिकवणीच्या फोटोंत डोळे मिटलेले चेहरे क्वचितच असायचे. खूण जाहीर झाल्यावर काही महिन्यांत ती दुरुस्तही झाली. आपण अजून तीच फॉरवर्ड करतोय.

मग ओळखता येत नसेल, तर नुकसान नेमकं कुठे होतं? लोकांना वाटतं, माणूस व्हिडिओ बघतो, विश्वास ठेवतो आणि तिथेच फसतो. मला जे बघायला मिळालं, त्यात फसवणूक इतकी सरळ नव्हती.

वाशीतले माझ्या परिचयाचे एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले. पैशाचे व्यवहार आयुष्यभर हाताळलेला माणूस. त्यांना फोनवर एका जाहिरातीत एक अत्यंत नावाजलेला उद्योगपती शेअरबाजारातल्या कसल्याशा मोफत मार्गदर्शनाबद्दल बोलताना दिसला. त्यांनी ते पूर्ण बघितलंही नाही, खालचं बटण दाबलं. बटणातून व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. ग्रुपवर रोज सकाळी टिप्स, संध्याकाळी नफ्याचे स्क्रीनशॉट, "सर, तुमच्यामुळे गाडी घेतली" असे आभाराचे मेसेज. ते बहुतेक सगळे एकाच टोळीचे असतात. पंधरवड्याने एका लिंकवरून ॲप उतरवायला सांगितलं, प्ले स्टोअरवरून नाही. त्यात त्यांनी थोडी रक्कम टाकली, ती वाढलेली दिसली, काही हजार परत काढून बघितले तर खात्यात आले. इथे शंका संपली. मग आयपीओत खास वाटा आला, मोठी रक्कम गेली. आणि शेवटी पैसे काढायला गेल्यावर "आधी कर भरा" असं उत्तर आलं. प्रत्येक वेळी पैसे वेगळ्याच नावाच्या खात्यात जात होते. हे त्यांनीच मला नंतर दाखवलं, पासबुकावर बोट ठेवून.

त्यांना विचारलं, त्या उद्योगपतीच्या व्हिडिओवर विश्वास बसला होता का? म्हणाले, "छे, तसा विचारच केला नाही. ओळखीचा चेहरा दिसला म्हणून थांबलो, एवढंच." या "एवढंच"मध्ये सगळं आलं. त्या चेहऱ्याने त्यांना काही पटवून द्यायचंच नव्हतं. अंगठा वर सरकत असताना दोन सेकंद थांबवायचा होता आणि समोर दिसणारी गोष्ट "आपल्या ओळखीची" या खणात टाकायची होती. पुढचं पटवणं माणसं करतात, आठवडे घेऊन करतात. त्यामुळे नकली चेहरा शंभर टक्के निर्दोष असण्याची गरजच नसते. तो दोन सेकंद पुरला पाहिजे.

यातून आणखी एक गोष्ट होते. पोलिसांकडे त्यांनी दिलेल्या तक्रारीत ग्रुपचं नाव आहे, ॲपची लिंक आहे, खाते क्रमांक आहेत. व्हिडिओ नाही. तो त्यांनी जपून ठेवला नव्हता, आणि जाहिरात तोवर गायब झाली होती. ही तक्रार उद्या आकडेवारीत जाईल ती "शेअर ट्रेडिंग फसवणूक" म्हणून. त्यात चोरलेल्या चेहऱ्याचा हात होता, हे कुठेच नोंदलं जाणार नाही. डीपफेकचं भय उगाच वाढवून सांगतात असं म्हणणाऱ्यांना आकडे लहान दिसतात, ते असे.

ज्यांचे चेहरे वापरले जातात, त्यांनी आपल्या परीने ओरडून सांगितलंय. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर यांनी एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारा आपला व्हिडिओ खोटा असल्याचं जाहीर केलं. त्यात तर चेहरा त्यांचाच होता, फक्त ओठ आणि आवाज बदललेला. एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रीय शेअरबाजाराने आपल्या व्यवस्थापकीय संचालकांचे शेअर सुचवणारे व्हिडिओ बनावट असल्याचा इशारा दिला. मुंबई शेअरबाजारालाही त्याच सुमारास आपल्या प्रमुखांबद्दल तेच सांगावं लागलं. नोव्हेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेवर गव्हर्नरांच्या व्हिडिओंबाबत तशीच पाळी आली. या इशाऱ्यांत एक कामाची गोष्ट दडलेली आहे. राष्ट्रीय शेअरबाजाराने सांगितलं, की आमच्या कर्मचाऱ्यांना कोणताही शेअर सुचवण्याची किंवा त्यात व्यवहार करण्याची परवानगीच नाही. म्हणजे व्हिडिओ खरा की खोटा हे शोधायची गरजच पडत नाही. बाजाराचा प्रमुख कधीच शेअर सुचवणार नाही, गव्हर्नर कधीच गुंतवणूक योजना विकणार नाही. तपासायची ती कृती. व्याख्यानात मी आता एवढंच सांगतो: या पदावरचा माणूस हे बोलू शकतो का? आणि पैसे देताना यूपीआय पत्ता बघा. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदलेल्या दलालांच्या पत्त्यात ऑक्टोबर 2025 पासून `@valid` असतं. पैसे गेलेच, तर तासाच्या आत 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हा सर्वांत जास्त असते.

ही कृतीची कसोटी पैशापुरती चालते. रश्मिकाच्या व्हिडिओला ती लागू होत नाही, आणि तिथे प्रश्न अधिक बिकट होतो. तिच्या व्हिडिओत कृती काय होती? लिफ्टमध्ये शिरणं. त्यात अशक्य असं काहीच नव्हतं. आणि तो खोटा आहे हे झटपट जाहीर होऊनही त्याचं फिरणं थांबलं नाही. उलट "खोटा व्हिडिओ बघा" म्हणून तो आणखी बघितला गेला. इथे फसवणूक हा नुकसानीचा मार्गच नाही. शंभर टक्के लोकांना खोटं आहे हे ठाऊक असलं, तरी एका बाईच्या चेहऱ्याचा तिच्या परवानगीशिवाय वापर झालेला असतो, आणि दुसऱ्या बाईचं शरीर तिच्या परवानगीशिवाय. त्या दुसरीबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोललं नाही. तिचं डोकं काढून टाकलं गेलं होतं आणि चर्चा कोणाच्या चेहऱ्याची बदनामी झाली याचीच होती.

तो व्हिडिओ त्या मानाने सौम्य म्हणायला हवा. 2019 मध्ये डीपट्रेस या नेदरलँड्समधल्या कंपनीने इंटरनेटवर मोजलेल्या 14,678 डीपफेक व्हिडिओंपैकी 96 टक्के संमतीविना बनवलेले अश्लील व्हिडिओ होते, आणि तशा संकेतस्थळांवरच्या व्हिडिओंत वापरलेले चेहरे बायकांचे होते. म्हणजे निवडणूक, युद्ध, शेअरबाजार हे सगळं नंतर आलं, या तंत्राचं मूळचं काम हेच. या व्हिडिओंना "हे खोटं आहे" अशी पट्टी लावली, तर नुकसान किती कमी होईल? जवळजवळ शून्य. रश्मिकाने तेव्हा लिहिलं होतं, की हे शाळा-कॉलेजात असताना झालं असतं तर ते कसं पेललं असतं याची कल्पनाही करवत नाही. तिच्या बाजूने किमान बच्चन उभे राहिले. कळव्यातल्या कॉलेजच्या मुलीच्या बाजूने कोण उभं राहणार?

मला तर मधल्या थरातल्या माणसांची काळजी जास्त वाटते. सार्वजनिक व्यक्ती म्हणजे फक्त नट आणि मंत्री नव्हेत. जानेवारी 2026 मध्ये ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या निवडणुका झाल्या. प्रभागात उभी राहिलेली प्रत्येक बाई त्या प्रभागापुरती सार्वजनिक व्यक्ती झाली. तिचे फोटो फ्लेक्सवर, पत्रकांवर, समोरून, स्वच्छ उजेडात. पंतप्रधानांचा खोटा व्हिडिओ आला तर अर्ध्या दिवसात चार तथ्यतपासणी करणाऱ्या संस्था तो सोडवतात. कोपरीतल्या किंवा ऐरोलीतल्या उमेदवाराचा आला तर कोण सोडवेल? मतदान दोन दिवसांवर असेल, तर खुलासा पोचायच्या आत निकाल लागतो. आणि व्हिडिओत बाई असेल, तर खुलासा करायचा म्हणजे त्या व्हिडिओचा स्वतःच्या तोंडाने पुन्हा उल्लेख करायचा. बऱ्याच जणी गप्प बसणं पसंत करतील.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो वाजवी आहे. नकला हा आपला जुना छंद. नेत्यांच्या नकला करणारे कलाकार, व्यंगचित्रं, तमाशातला सोंगाड्या, हे सगळं मग बंद करायचं का? बंद करू नये. पण नकलाकार स्वतःच्या चेहऱ्याने समोर उभा असतो. आवाज त्यांचा, मान हलवण्याची लकब त्यांची, चेहरा माझा, हा करार प्रेक्षकाला पहिल्या वाक्यापासून माहीत असतो, आणि गंमत त्या फरकातच असते. चेहरा बदललेल्या व्हिडिओत तो फरकच पुसलेला असतो. तरीही एखाद्याने नेत्याचा चेहरा उघडपणे हास्यास्पद ठिकाणी बसवून, आपल्या नावाने, टवाळी केली, तर मी त्याच्या बाजूने असेन. नेत्यांच्या अंगावर यायला लागलं की कायदा कसा वापरला जातो, ते आपण बघितलंय. म्हणून "डीपफेकवर सरसकट बंदी" ही मागणी मला धोकादायक वाटते. ती आधी व्यंगचित्रकारावर चालेल आणि टोळीवर सर्वांत शेवटी.

कायदा अगदीच नाही असं नाही. ओळखीची चोरी, तोतयेगिरी करून फसवणूक आणि खासगीपणाचा भंग यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात 66सी, 66डी आणि 66ई ही कलमं आहेत. रश्मिकाच्या प्रकरणात पहिलं आणि तिसरं लावलं गेलं. 2021 च्या नियमांनुसार कोणाचं कृत्रिमरीत्या बदललेलं चित्र वापरून तोतयेगिरी झाली, तर तक्रारीनंतर 24 तासांत ते हटवण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर आली. फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीने अशा मुदती आणखी आखडल्या आणि कृत्रिम व्हिडिओंवर तशी खूण बंधनकारक केली. कागदावर हे चांगलं दिसतं. पण 24 तासांच्या त्या नियमात तक्रार कोणी करायची, ते वाचा. ज्याचा चेहरा आहे त्याने, किंवा त्याच्या वतीने कोणीतरी. वाशीच्या त्या गृहस्थांना जाहिरात खोटी आहे असं त्याच क्षणी वाटलं असतं, तरी या नियमाखाली ते घड्याळ सुरू करू शकले नसते. राष्ट्रीय शेअरबाजारासारखी संस्था मुंबई उच्च न्यायालयात जाऊ शकते. जुलै 2024 मध्ये ती गेली आणि समाजमाध्यमांविरुद्ध आदेश मिळवूनही आली. पण चेहऱ्याचा मालक आणि ज्याचा खिसा रिकामा होतो तो माणूस, हे दोघे वेगळे आहेत. तक्रारीचा हक्क पहिल्याला आणि तोटा दुसऱ्याला, अशी ही रचना आहे.

खुणेबद्दल एडिटर म्हणून एवढंच सांगतो. कोपऱ्यात लावलेली पट्टी क्रॉप करायला दहा सेकंद लागतात. फाइलच्या मेटाडेटात लिहिलेली खूण स्क्रीन रेकॉर्डिंग केलं की उडते. प्रामाणिक माणूस खूण लावेल, आणि प्रामाणिक माणसाकडून धोका नव्हताच.

म्हणून माझा रोख पैसे घेऊन दाखवलेल्या व्हिडिओवर आहे. घरच्या ग्रुपवर कोणी काय पाठवलं, याची झडती कोणी घेऊ नये. पण वाशीच्या त्या फोनवर आलेला व्हिडिओ कोणी फॉरवर्ड केला नव्हता. ती जाहिरात होती. कोणीतरी प्लॅटफॉर्मला पैसे मोजले, "पंचावन्नच्या पुढचे, मुंबई परिसरातले, गुंतवणुकीत रस असलेले" असा काहीसा निवडक प्रेक्षक घेतला, आणि प्लॅटफॉर्मने तो दिला. गोखले रोडवरच्या एका कपड्याच्या दुकानाची जाहिरात मी टाकतो, तेव्हा गाण्याच्या चार ओळी वापरल्या म्हणून ती काही मिनिटांत अडवली जाते. म्हणजे प्रत्येक जाहिरात लागण्याआधी यंत्राने तपासण्याची सोय आहे, ती गाण्यांच्या मालकांसाठी बसवलेली आहे. शे-दोनशे नामवंतांचे चेहरे आणि "गुंतवणूक", "परतावा" असे शब्द एकत्र दिसले की जाहिरात थांबवून माणसाकडे पाठवणं हे त्याहून अवघड काम नाही. इथे चेहरा नकली आहे का, हे ओळखायचंच नाही. चेहरा कोणाचा आहे एवढंच ओळखायचंय आणि मग त्या माणसाच्या कार्यालयाला विचारायचंय.

निम्मी वाट सेबीने दाखवलीच आहे. मार्च 2025 मध्ये तिने आपल्याकडे नोंदलेल्या दलालांना आणि सल्लागारांना सांगितलं, की गुगल आणि मेटासारख्या ठिकाणी जाहिरात द्यायची, तर सेबीच्या पोर्टलवर दिलेल्याच ईमेल आणि मोबाइल क्रमांकाने तिथे नोंदणी करा, म्हणजे प्लॅटफॉर्मला पडताळणी करता येईल. हाच नियम उलट बाजूनेही हवा. पडताळणी न झालेल्याची गुंतवणुकीची जाहिरात लागली, तर तिच्यापोटी घेतलेले पैसे प्लॅटफॉर्मला ठेवता येऊ नयेत, ते ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या भरपाईत जावेत. आणि काढून टाकलेल्या प्रत्येक जाहिरातीची प्रत, ती कोणी दिली, पैसे कोणत्या कार्डावरून आले आणि ती कोणाकोणाला दाखवली, ही नोंद किमान काही वर्षं जपून ठेवावी लागेल. म्हणजे ठाण्याच्या किंवा नवी मुंबईच्या सायबर पोलिसांनी मागितली, की ती तक्रारीला जोडता येईल.